ब्लाउज घट्ट झालाय, कार्यक्रम परवा आहे: काउंटरवरच्या नव्या मुलीला काय शिकवावं

प्रश्न: माझं धायरीला ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. महिन्याभरापूर्वी काउंटरला एक मुलगी ठेवली. हुशार आहे, पण बाई चिडून आली की एकतर ही रडते, नाहीतर उलट बोलते. लग्नसराई तोंडावर आहे. तिला कसं शिकवू? नेमकं काय बोलायला सांगू?

उत्तर:

तिला बोलायला नंतर शिकवा. आधी ब्लाउज उलटा करून बघायला शिकवा.

माझं दुकान कर्वेनगरला आहे, 23 वर्षं झाली. आजवर काउंटरला 7 मुली येऊन गेल्या, त्यातल्या दोघींची आता स्वतःची दुकानं आहेत. पहिल्या तिघींना मी रोज तेच सांगायचे, जे तुम्हीही सांगत असाल: शांत राहा, हसून बोल, ग्राहकाशी वाद घालू नकोस. काही उपयोग व्हायचा नाही. मग माझ्या उशिरा लक्षात आलं की समोरची बाई विचारते, "आता हे मी घालू कसं?", आणि या मुलीला त्याचं उत्तरच माहीत नसतं. ब्लाउज दुरुस्त होतो की नाही, किती वेळात होतो, कोण करणार, काहीच ठाऊक नाही. अशा वेळी एखादी रडते, एखादी फणकारते. उत्तर माहीत असलेल्या मुलीचा आवाज आपोआप खाली राहतो.

म्हणून पहिले चार दिवस तिला आत कारागिराजवळ बसवा. एक जुना, अस्तराचा ब्लाउज द्या आणि बाजूची शिवण उसवायला लावा. आत दाबलेलं जादा कापड, म्हणजे माया, तिला बोटाने मोजू दे. आमच्याकडे बाजूला 1 इंच माया ठेवतात. तुमच्याकडे किती ठेवतात ते तिला पाठ हवं. मग हिशेब समजावा. बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे माया चार ठिकाणी आहे. प्रत्येक पदरातून पाव इंच सोडला की घेर 1 इंचाने वाढतो, अर्धा सोडला की 2 इंचांनी. "अंगातच जात नाही" म्हणणाऱ्या बाईला बहुतेक वेळा एक-दीड इंचच कमी पडत असतो, आणि तो आत दडलेला असतो. हे एकदा स्वतःच्या हाताने उसवून बघितलं की मुलीच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी जाते. मी दर वेळी बघितलंय.

कुठे हात टेकायचे, तेही त्याच बैठकीत दाखवा. छाती घट्ट असेल तर बाजू सैल करून भागतं. दंड घट्ट असेल तर बाहीच्या शिवणीत माया बघायची, तिथे ती कमी असते. पण काखेत काचत असेल तर मुंढ्याला हात लावावा लागतो, आणि मुंढा कापला की कापलाच. ते काउंटरवरून कबूल करायचं नाही, मालकिणीला विचारायचं. रेशमी कापडावर जुन्या शिलाईच्या सुईची भोकं रेघेसारखी दिसतात. इस्त्रीने कमी होतात, पूर्ण जात नाहीत. बाजूची शिवण काखेखाली असल्यामुळे साडीत ती झाकली जाते, पण हे बाईला आधी सांगायचं. नंतर तिला घरी दिसलं, की दुसरं भांडण.

आता बोलणं. तिला पानभर वाक्यं लिहून देऊ नका. मी एकदा दिली होती. तिने ती शाळेतल्या कवितेसारखी म्हटली, आणि समोरची बाई आधीपेक्षा जास्त भडकली. चार वाक्यं पुरतात, पण ती क्रमाने यायला हवीत.

पहिलं वाक्य: "कार्यक्रम कधी आहे, ताई?"

आपल्या धंद्यात बाई ब्लाउजवर चिडलेली दिसते, पण खरी धाकधूक तारखेची असते. परवा लग्न आहे, साडी पंधरा-वीस हजारांची, आणि ऐन वेळी जुना काळा ब्लाउज घालून फोटोत उभं राहावं लागणार. तिची भीती तीच आहे. "कार्यक्रम कधी आहे" विचारलं की तिला कळतं, हिला मुद्दा समजला. शिवाय आपल्यालाही पुढचं सगळं ठरवायला तीच माहिती लागते. "काय झालं?" असं विचारायचं नाही, कारण काय झालं ते ती दारातूनच सांगत आलेली असते. "माप कोणी घेतलं होतं?" हे तर मुळीच नाही. आपण दोष टाकायला माणूस शोधतोय, असं ते ऐकू येतं.

दुसरं: "घालून दाखवता का? नेमकं कुठे अडतंय ते बघते." यात तिला पडद्याआड जाऊन येईपर्यंत पाच मिनिटं मिळतात. तिलाही आणि आपल्या मुलीलाही. घालायला तयार नसेल तर, "मापाचा ब्लाउज आणलाय? शेजारी ठेवून मोजू."

तिसरं वाक्य म्हणजे इंचात आणि मिनिटांत सांगितलेलं उत्तर. "दीड इंच सैल करावा लागेल, पाऊण तास लागेल." यात "प्रयत्न करते" नाही, "बघू" नाही.

चौथं म्हणजे दोन पर्याय. "आज थांबून नेता, की उद्या 11 ला तयार ठेवू?" बाई काय निवडायचं याचा विचार करू लागली की आवाज उतरलाच म्हणून समजा.

"शांत व्हा" हे दोन शब्द आमच्या दुकानात बंद आहेत. शांत व्हा म्हटल्यावर कोणी शांत झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, माझ्या सासूबाई धरून. आणि हाक मारताना ताई म्हणावं, बाईचं वय काहीही असो. आमच्या एका मुलीने चाळिशीच्या बाईंना "मावशी" म्हटलं होतं. भांडण हुकावरून सुरू झालं होतं, संपलं मावशीवर. साठीच्या बाईंनाही ताई चालतं, उलट बरंच वाटतं. न्यायला पुरुष आला तर दादा, केस पिकलेले असतील तर काका. "मॅडम" वाईट नाही, पण चिडलेल्या माणसाशी "मॅडम, मॅडम" केलं की ते कॉल सेंटरसारखं वाटतं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका प्रसंगावरून सांगते. मार्गशीर्षातला शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. मी आत कटिंगला होते. एक बाई आल्या, वाघोलीहून, दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून. पैठणीचा ब्लाउज आदल्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने नेला होता, घरी घातला तर हुकच लागेनात. त्यांनी पिशवी काउंटरवर आपटली.

"दोन महिने लावलेत शिवायला, आणि हे काय शिवलंय? मापाचा ब्लाउज दिला होता ना तुम्हाला?"

मुलीने विचारलं, "कार्यक्रम कधी आहे, ताई?"

"परवा! भाच्याचं लग्न आहे परवा. तू कोण? तुझ्या मालकीणबाई कुठेयत?"

इथे नवी मुलगी हमखास अडते. तिला वाटतं, आपला अपमान झाला. आमचीने शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "आत आहेत, बोलावते. तोवर ब्लाउज बघून घेते, म्हणजे त्या आल्यावर तुमचा वेळ जायला नको."

हे वाक्य तुमच्या मुलीला जरूर द्या. तिने नकार दिला नाही, मान तुकवली नाही, आणि काम सुरू केलं. बोलता बोलता ब्लाउज उलटा करून माया चाचपली, 1 इंच पुरी होती. मग दोन्ही ब्लाउज हुक लावून काउंटरवर पसरले आणि बाईंच्या समोर टेप लावला. मापाचा या काखेपासून त्या काखेपर्यंत 18 इंच, नवा पावणेअठरा. म्हणजे घेरात अर्धा इंच आमच्याकडून कमी.

आता ही जागा फार महत्त्वाची. टेप समोरच आहे, बाईंनीही आकडा पाहिला आहे. इथे मुलगी म्हणाली, "अर्धा इंच आमच्याकडून कमी झालाय. चूक आमची." आणि गप्प बसली. पुढे "पण" लावला नाही. माझ्या अनुभवात राग सगळ्यात जास्त इथे उतरतो, कारण बाई ज्या वादाची तयारी करून आलेली असते, तो वादच उरत नाही.

मग घालून बघितल्यावर मधल्या दोन हुकांत आणि पट्टीत 1 इंचाची फट राहत होती. म्हणजे आमची चूक अर्ध्या इंचाची, पण कमी पडत होता एक. उरलेल्या अर्ध्याचं कारण काय? जुना ब्लाउज सुती, वापरून ताणलेला. नवा रेशमी, अस्तर लावलेला, तो अंगाबरोबर सैलावत नाही. आणि दोन महिन्यांत अंगही थोडं भरलं असेल, पण ते तोंडातून काढायचं नाही. "तुमचं वजन वाढलंय" हे खरं असलं तरी त्याने ब्लाउज सैल होत नाही. मुलीने सांगितलं ते एवढंच: "हे कापड ताणत नाही, म्हणून मापापेक्षा थोडा सैलच करून देते."

हुक लागायला 1 इंच आणि श्वास घ्यायला अर्धा, असा दीड इंच. चार पदरांत वाटला तर प्रत्येकी तीन सूत. अस्तर आणि खालची पायपिन उसवायची असल्यामुळे कारागीर अर्धा तास म्हणाला. आमच्याकडे नियम असा की कारागिराने सांगितलेल्या वेळेच्या दीडपट सांगायची. मुलीने पाऊण तास सांगितला.

बाई पुन्हा उसळल्या. "पाऊण तास? मला परत वाघोलीला जायचंय, घरात पाहुणे आहेत!"

"आज पाऊण तासात देते, नाहीतर उद्या 11 ला तयार ठेवते, कोणालाही पाठवा. तुम्हाला कसं सोयीचं पडेल? आणि जुन्या शिलाईची बारीक रेघ काखेखाली दिसेल, आधीच सांगून ठेवते."

त्या थांबल्या. आता कुठे "बसा ना ताई, पाणी देते" म्हणायची वेळ. हे वाक्य आल्या आल्या म्हटलं तर टाळाटाळ वाटते, थांबायचं ठरल्यावर म्हटलं तर पाहुणचार.

मी बाहेर आले तेव्हा हे सगळं ठरून गेलं होतं. बाईंनी मला पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "तिने सांगितलंय तसंच करतोय. पाऊण तास." फॉल-पिकोचे पैसे मुलीने स्वतःच परत केले, तेवढा अधिकार तिला आहे. साडेसातला काम झालं, पंधरा मिनिटं आधीच. बाईंनी ब्लाउज घातला, हात वर करून बघितला, आणि पिशवीत भरून निघाल्या. आभार वगैरे काही नाही. मुलीचं तोंड थोडं उतरलं. तिला सांगितलं, परवा लग्नात ब्लाउज अंगात जाईल, आपलं काम झालं.

या प्रसंगात माझ्या वाट्याचं जे होतं, त्यावर जरा थांबते, कारण तुमची अडचण कदाचित मुलीत नसून तिथे असेल. समजा मी बाहेर येऊन म्हटलं असतं, "नवीन आहे हो ती, तिला काही कळत नाही, थांबा मी बघते." बाई खूश झाल्या असत्या आणि मुलगी कायमची संपली असती. किंवा मुलीने पाऊण तास सांगितला आणि मी म्हटलं असतं, "तुमच्यासाठी वीस मिनिटांत करते, शिलाईचे पैसेही नकोत." मग आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला कळलं असतं की आरडाओरडा केला, मालकिणीला बाहेर काढलं, की जास्त मिळतं. मी पहिली काही वर्षं नेमकं हेच करत होते आणि वर म्हणत होते की मुली टिकत नाहीत. त्यामुळे बाहेर यायचं, ऐकायचं, आणि मुलीने कबूल केलेलंच पुन्हा सांगायचं. तिचं चुकलं असेल तर दुकान बंद झाल्यावर सांगायचं.

त्यासाठी तिचे अधिकार आधी ठरवून, वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आमच्याकडे तिला न विचारता करता येतं ते असं: कुठलीही दुरुस्ती फुकट, फॉल-पिकोचे पैसे परत, आणि वहीत जागा असेल त्या दिवसाची तारीख. शिलाईचे पैसे सोडणं, मुंढा कापणं आणि कापडाची भरपाई, यातलं काहीही विचारल्याशिवाय नाही. अधिकार छोटा असला तरी चालेल, पण तो खरा असावा.

दुसऱ्या जातीचा राग तारखेचा. आज द्यायचं होतं आणि झालेलं नाही. इथे वाक्य: "आज द्यायचा होता, झाला नाही. चूक आमची. दोन मिनिटं द्या, कुठवर आलाय ते आत बघून सांगते." कारण सांगायचं नाही. कारागीर गावाला गेला, लाईट नव्हती, मशीन बिघडलं, हे सगळं खरं असेलही, पण पुण्यात प्रत्येक बाईने प्रत्येक शिंप्याकडून ते ऐकलेलं आहे आणि कोणीही विश्वास ठेवत नाही. कारण सांगितलं की ती त्या कारणाशी भांडायला लागते. तिने आपणहून विचारलं तरच एका वाक्यात सांगायचं.

मग मुलीने खरंच आत जायचं. कापलेला आहे, शिवायला घेतलाय, की फक्त हुक आणि हातशिलाई राहिलीय, हे डोळ्यांनी बघून यायचं. आणि बाहेर येऊन बघितलेलंच सांगायचं: "शिवून झालाय, हुक राहिलेत. उद्या 5 वाजता." नुसता कापलेला असेल तर तेही सांगायचं. "फक्त कापून झालाय. परवा दुपारच्या आत होणार नाही. तुमचं कार्य त्याआधी असेल तर आत्ताच सांगा, दुसरं काम बाजूला ठेवायला लावते." ऐकणारीला राग येईल, येऊ दे. एकदा येणारा राग परवडतो.

"होऊन जाईल", "बघते हं" आणि "उद्या नक्की", ही तीन वाक्यं तिच्या तोंडातून काढून टाका. त्यातलं "उद्या नक्की" माझंच. एका ताईंना मी ते लागोपाठ तीन दिवस म्हटलं. चौथ्या दिवशी त्यांच्या भावाचं लग्न होतं. त्या न्यायला आल्याच नाहीत. दोन दिवसांनी फोटो पाठवला, मोरपंखी साडीवर दुसऱ्याच कुठल्या साडीचा लाल ब्लाउज. खाली काही लिहिलं नव्हतं. तो ब्लाउज अजून माझ्या कपाटात आहे.

कापडाचं नुकसान हा तिसरा प्रकार. इस्त्रीने जळलं, उलट्या बाजूने कापलं गेलं. क्वचित होतं, पण झालं तर मुलीने भरपाईवर एक अक्षर बोलायचं नाही. "हे मी ठरवू शकत नाही, ताईच ठरवतील. तुमचा पावती नंबर आणि काय झालंय ते लिहून घेते." लिहायचं, आणि वाचून दाखवायचं. आपलं म्हणणं कागदावर जसंच्या तसं उतरलंय हे ऐकल्यावर निम्म्या बायका खुर्चीत बसतात. "ग्राहक मंचात जाईन" असं कोणी म्हणालं तर घाबरायचं नाही आणि "जा" असंही म्हणायचं नाही. "तो तुमचा हक्क आहे ताई. पावती आहे ना तुमच्याकडे? नसेल तर दुसरी काढून देते." ग्राहक पंचायत पुण्यातच 1974 मध्ये सुरू झाली, इथल्या बायकांना हे नवीन नाही. पैसे घेऊन शिवणं ही सेवा आहे आणि ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. तेव्हा पावतीवर "कापडाची जबाबदारी नाही" छापलं असेल तर त्या ओळीच्या जोरावर मुलीला भांडू देऊ नका.

शिव्या किंवा अंगावर येणं, हे वेगळं. रागाने मोठ्याने बोलणं ऐकून घ्यायचं, पण शिवी आली की एकदाच सांगायचं: "तुमचं काम मी करणार आहे. असे शब्द नकोत." दुसऱ्यांदा आली की मागे सरकायचं आणि मला हाक मारायची, पुढचं माझं काम. कोणी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं तरी "बंद करा" म्हणून हात पुढे करायचा नाही. आहे तेच हळू आवाजात बोलत राहायचं. इंच आणि मिनिटं सांगणाऱ्या मुलीचा व्हिडिओ पुढे पाठवण्यात कोणाला रस नसतो.

सराव कसा घ्यायचा? आम्ही दुपारी 1 ते 4 बंद ठेवतो (यावरचे विनोद आम्हालाही पाठ आहेत). त्यातली पंधरा मिनिटं, आठवडाभर. मी ग्राहक होते, ती काउंटरला. खऱ्या बायकांनी म्हटलेली वाक्यं मी एका वहीत लिहून ठेवली आहेत, तीच फेकते: "शिवता येत नाही तर दुकान कशाला उघडलंय?", "तुझ्यापेक्षा माझी लेक बरं शिवते." आधी हळू, मग खरोखर ओरडून. अट एकच, बोलताना तिच्या हातात ब्लाउज हवा आणि हात चालू हवेत. नुसती उभी राहिली तर ती माझ्या तोंडाकडे बघत बसते आणि घसा आवळतो. हात शिवणीवर असले की नजर खाली जाते, शब्द सावकाश येतात. दोन-तीनदा जागा बदला. ती चिडलेली ग्राहक, तुम्ही काउंटरला. "शांत व्हा" ऐकल्यावर कसं वाटतं, ते तिला अंगावर घेऊ दे.

पहिला खरा मोठा प्रसंग झाला की ती थरथरेल. लगेच समजावत बसू नका. चहा द्या, दहा मिनिटं आत बसू द्या, पुढची बाई तुम्ही घ्या. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच विचारा, "कुठल्या वाक्याला ती खाली आली?" तिचं उत्तर वहीत लिहा.

शिकतेय हे कसं ओळखायचं? ती रडायची थांबली, हे लक्षण धरू नका. आधी ती बोलता बोलता आतल्या पडद्याकडे बघत असते. ते बघणं कमी होतं. मग एक दिवस ती न सांगता संध्याकाळी वही उघडते आणि उद्या द्यायच्या ब्लाउजांपैकी जे होणार नाहीत, त्या बायकांना स्वतःहून फोन लावते: "ताई, उद्या 5 ला देणार होतो, तो परवा 12 ला मिळेल. परवाच्या आधी लागणार असेल तर आत्ता सांगा." आमच्याकडे हा फोन सुरू झाल्यापासून तारखेची भांडणं जवळजवळ बंद झाली. फोनवर कुरकुर होते, काउंटरवर पिशवी आपटली जात नाही.

आणि लग्नसराई तोंडावर आहे म्हणताय, तर आणखी एक गोष्ट या आठवड्यातच करा. तुमची वही तिच्या हातात द्या, रोज किती ब्लाउज निघतात तो आकडा प्रत्येक तारखेसमोर लिहा, आणि तेवढे भरले की पुढचं काम नाकारायचा अधिकार तिला द्या. "रविवारचं जमणार नाही ताई, वही भरली आहे. मंगळवारी संध्याकाळी 6 ला देऊ शकते, नाहीतर दुसरीकडे बघा." तुम्ही आतून "घे गं, बसवू कुठेतरी" असं ओरडू नका.